न बसलेली गाठ

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाईंनी आम्हाला एकदा मुद्दाम तोंडावर पडू दिलं. फ्लेमिंगची गोष्ट वर्गात सगळ्यांना पाठ होती: टेबलावर राहून गेलेली काचेची बशी, तिच्यात कुठूनशी येऊन पडलेली बुरशी आणि बुरशीभोवती मेलेले जिवाणू. बाई म्हणाल्या, "मग करा की तेच. जिवाणू मी देते, बुरशीही मी देते." आम्ही सार्सिना नावाचे निरुपद्रवी पिवळे जिवाणू बशीभर पसरले आणि रात्रभर उबदार कपाटात ठेवले. सकाळी बशी पिवळीधमक झाली होती. मग मधोमध पेनिसिलियमचे कण ठेवले आणि वाट पाहत बसलो. पाचव्या दिवशी बुरशी छान वाढून हिरवी-निळी झाली होती, आणि तिच्या अगदी कडेपर्यंत पिवळा थर जसाच्या तसा होता.

आम्ही तक्रार घेऊन गेलो. "बाई, ही बुरशी बिघडलेली आहे."

"बुरशी चांगली आहे," बाई म्हणाल्या. "तुमचा क्रम चुकलाय. आधी बुरशी वाढू द्या, मग जिवाणू लावा."

पुढच्या आठवड्यात तसं केलं. पाच दिवस बुरशी एकटी वाढवली, मग तिच्यापासून बशीच्या कडेपर्यंत जिवाणूंची रेघ ओढली. या वेळी रेघ कडेकडून पिवळी होत आली आणि बुरशीच्या अलीकडे बोटभर अंतरावर थांबली. बुरशी तीच, जिवाणू तेच. फरक एवढाच, की पहिल्या बशीत जिवाणूंची वाढ होऊन गेलेली होती आणि दुसरीत ती व्हायची होती. पेनिसिलीन काय करतं आणि काय करत नाही, हे समजायला या फरकापेक्षा चांगली जागा मला अजून सापडलेली नाही.

खुद्द फ्लेमिंगची बशीही याच कारणाने अनेकांना चकवत राहिली. १९२८ च्या उन्हाळ्यात अलेक्झांडर फ्लेमिंग लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधली आपली प्रयोगशाळा सोडून सुट्टीवर गेला. पूं निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूंच्या बशा टेबलावर तशाच राहिल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो परतला तेव्हा एका बशीत बुरशी होती आणि तिच्याजवळचे जिवाणूंचे ठिपके पारदर्शक होऊन विरघळत चालले होते. पण वाढलेल्या स्टॅफिलोकोकसवर नंतर बुरशी टाकली तर असं काहीच होत नाही. मग त्या बशीत ते झालं कसं?

फ्लेमिंगबरोबर त्याच विभागात काम केलेल्या रोनाल्ड हेअरने पुढे अनेक वर्षांनी या कोड्याचा पिच्छा पुरवला. त्याने हवामानाच्या जुन्या नोंदी काढल्या. जुलैच्या शेवटी आणि ऑगस्टच्या सुरुवातीला लंडनमध्ये हवा थंड होती, नंतर ती तापली. हेअरची मांडणी अशी: फ्लेमिंगने बशीवर जिवाणू लावले, पण ती उबदार कपाटात ठेवली नाही. गारव्यात बुरशी वाढते, स्टॅफिलोकोकस मात्र सुस्त पडून राहतो. बुरशीने आधी आपला रस भोवती पसरवला, मग उकाडा आला, जिवाणू वाढायला लागले आणि वाढता वाढता मेले. हेअरने तापमानाचा हा क्रम स्वतः वापरून तशी बशी तयारही करून दाखवली. थोडक्यात, लंडनच्या हवेने आमच्या बाईंसारखाच क्रम सुधारून दिला होता.

तर मुद्दा असा, की पेनिसिलीन उभ्या भिंतीला हात लावत नाही. ते चालू बांधकाम बिघडवतं. बांधकाम बंद असेल तर त्याला करण्यासारखं काही नसतं.

आता ही भिंत कशाला लागते ते पाहू. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. आतला रस दाट, बाहेरचं पाणी पातळ, म्हणून पाणी आत शिरतं. जिवाणूचंही तसंच आहे. त्याच्या पोटात क्षार, साखरा, प्रथिनं ठासून भरलेली असतात आणि बाहेर असतं पाणी किंवा पातळ द्रव. पाणी सतत आत घुसू पाहतं. स्टॅफिलोकोकसमध्ये या ओढीने तयार होणारा दाब वीसेक वातावरणांइतका असतो. मोटारीच्या टायरमध्ये आपण दोन-अडीच वातावरणांइतकी हवा भरतो, त्याच्या आठ-दहा पट. जिवाणूचं पेशीपटल म्हणजे स्निग्ध पदार्थाचा तलम पापुद्रा. तो एवढा दाब एक क्षणही सोसू शकणार नाही. सायकलच्या ट्यूबला जसा टायर, तसं या पापुद्र्याला बाहेरून एक आवरण लागतं. त्यालाच पेशीभित्तिका म्हणतात.

भित्तिका म्हटलं की विटांची भिंत डोळ्यांसमोर येते, पण ही चीज कोळ्याच्या जाळ्याच्या जास्त जवळची आहे. तिचं शास्त्रीय नाव पेप्टिडोग्लायकन. दोन प्रकारच्या साखरा आळीपाळीने ओवून लांब दोरे होतात. हे दोरे सुटे राहिले तर काही उपयोग नाही. म्हणून दर दुसऱ्या साखरेपासून अमिनो आम्लांचं एक आखूड शेपूट लोंबत असतं आणि शेजारच्या दोऱ्याच्या शेपटाशी त्याची गाठ मारली जाते. अशा असंख्य गाठींनी जाळं संपूर्ण जिवाणूभोवती एकसंध होतं. जाळ्याची ताकद दोऱ्यात जेवढी, तेवढीच गाठीत असते, हे कुठल्याही कोळ्याला सांगावं लागत नाही.

या गाठीपाशी थोडं थांबायला हवं, कारण सगळा खेळ तिथेच आहे. नव्याने बनलेल्या शेपटात पाच अमिनो आम्लं असतात. शेवटची दोन्ही ॲलानिन नावाची. गाठ मारताना शेजारच्या शेपटाचं टोक चौथ्या कड्याला जोडलं जातं आणि पाचवं कडं तुटून बाहेर पडतं. पाचवं कडं मुळात तुटण्यासाठीच बसवलेलं असतं. ही उधळपट्टी का, असा प्रश्न पडतो. कारण असं की जाळ्याचे सुटे भाग पेशीच्या आत तयार होतात, पण गाठी पेशीपटलाच्या बाहेर मारायच्या असतात, आणि पेशी आतल्या कामांना जे ऊर्जेचं चलन वापरते ते बाहेर मिळत नाही. म्हणून गाठीला लागणारी ऊर्जा आतच, शेवटच्या दोन कड्यांमधल्या बंधात भरून पाठवलेली असते. तो बंध तुटतो, त्याच्या बदल्यात नवा बंध जुळतो. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या खिशात परतीचे पैसे आईने आधीच घालून ठेवावेत, तसं.

गाठ मारणारं विकर दोन टप्प्यांत काम करतं. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. त्याच्या खोबणीत एक क्रियाशील टोक असतं. पहिल्या टप्प्यात ते टोक शेपटाचं चौथं कडं पकडतं आणि पाचवं सोडून देतं. पाचवं निघून गेलं की खोबणीत जागा होते. दुसऱ्या टप्प्यात त्या मोकळ्या जागेत शेजारच्या दोऱ्याचं शेपूट येतं, चौथं कडं त्याच्या स्वाधीन होतं, गाठ बसते आणि विकर पुढच्या गाठीला मोकळं होतं. याचं पूर्ण नाव ट्रान्सपेप्टिडेज. ते लक्षात नाही राहिलं तरी चालेल, दोन टप्पे मात्र लक्षात ठेवावेत.

पेनिसिलीनचा रेणू दिसायला त्या शेवटच्या दोन ॲलानिनांसारखा आहे. हुबेहूब नव्हे, पण विकराला चकवण्याइतका. हे साम्य डोनाल्ड टिपर आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ मध्ये मांडलं. रेणूच्या मध्यभागी चार अणूंचं एक चौकोनी कडं असतं. अणूंच्या बंधांना असा काटकोनात वाकून राहण्याचा सराव नसतो, त्यामुळे हे कडं ताणलेल्या धनुष्यासारखं सतत उघडायला टपलेलं असतं. असं चौकोनी कडं तिथे आहे हेच काही नामांकित रसायनतज्ज्ञ मानायला तयार नव्हते. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी रेणूची रचना उलगडली आणि वाद मिटला.

विकर या रेणूला शेपटाचं टोक समजून पकडतं आणि नेहमीसारखा पहिला टप्पा पार पाडतं. बंध तुटतो, चौकोनी कडं उघडतं, विकराचं टोक त्याला घट्ट चिकटतं. आता तुटलेला तुकडा निघून जायला हवा. पण कडं म्हणजे कडं. ते एका जागी तुटलं तरी दुसऱ्या बाजूने जोडलेलंच राहतं. तुटलेला भाग खोबणीतून बाहेर पडत नाही. एसटीच्या दारात एखादा प्रवासी एक पाय खाली टाकून लोंबकळत राहावा, तो उतरेना आणि मागच्यांना चढता येईना, तशी गत होते. दुसरा दोरा आत येऊ शकत नाही, पाण्याचा रेणूही नीट पोचू शकत नाही, आणि विकर अडकून पडतं. ही पकड सुटायला तास लागू शकतात. अनुकूल परिस्थितीत स्टॅफिलोकोकसची एक पिढी मात्र अर्ध्या तासाच्या आसपास होते. जिवाणूच्या दृष्टीने ते विकर कायमचंच गेलं.

हे सगळं कागदावर पटतं. पण खरोखर असंच घडतं हे कळलं कसं? मला यातला सर्वांत सुंदर प्रयोग जोशुआ लेडरबर्गचा वाटतो. १९५६ मध्ये त्याने कांडीसारखा दिसणारा ई. कोलाय हा जिवाणू पेनिसिलीनमध्ये वाढवला, पण साध्या द्रवात नाही. त्यात त्याने भरपूर साखर घातली, जवळपास वीस टक्के. साध्या द्रवात हे जिवाणू फुटून नाहीसे झाले असते. साखरेच्या दाट द्रवात बाहेरचं पाणी आत ओढलं जात नाही, त्यामुळे ते फुटले नाहीत. कांड्यांचे गोल गोळे झाले, आणि गोळे जिवंत राहिले. मग पेनिसिलीन काढून घेतल्यावर ते पुन्हा कांड्या झाले आणि वाढायला लागले. म्हणजे औषधाने पेशीच्या आत काहीही विषारी केलेलं नव्हतं. त्याने फक्त आवरण काढून घेतलं होतं, आणि मारायचं काम पाण्याने केलं असतं.

दुसरा पुरावा आधीच पुढे आलेला होता. जेम्स पार्कला १९४९ मध्ये दिसलं की पेनिसिलीन दिलेल्या स्टॅफिलोकोकसमध्ये काही विचित्र पदार्थ साठत जातात. त्या वेळी ते काय आहेत हे उमगलं नव्हतं. नंतर कळलं, की ते भिंतीचेच न वापरलेले सुटे भाग होते. बांधकामावरचे गवंडी गेले, पण वाळू-सिमेंटच्या गाड्या येतच राहिल्या.

इथवर वाचून असं वाटेल की भिंत बांधायची थांबली म्हणून जिवाणू मेला. पण नुसतं थांबल्याने मरायचं काय कारण? जुनी भिंत तर शाबूत आहे. आमच्या पहिल्या बशीत ती शाबूतच होती. इथे जिवाणूची स्वतःचीच एक सवय त्याच्या जिवावर उठते. वाढायचं तर जुन्या जाळ्यात नवे दोरे घालायला जागा करावी लागते, आणि त्यासाठी त्याच्याकडे जाळं कातरणारी विकरंही असतात. वाढत्या जिवाणूत एक हात उसवत असतो आणि दुसरा गाठी मारत असतो. पेनिसिलीन गाठी मारणारा हात धरून ठेवतं, पण कात्री थांबवत नाही. जाळं उसवत जातं, कुठेतरी पापुद्रा फुगा होऊन बाहेर येतो, बहुधा पेशी मधोमध दुभागत असते तिथेच, आणि तो फुटतो. अलेक्झांडर टोमास्झने १९७० मध्ये दाखवलं की न्यूमोकोकसची ही कात्री बोथट असेल तर पेनिसिलीनने त्याची वाढ थांबते, पण तो फुटत नाही. २०१४ मध्ये हार्वर्डच्या टॉमस बर्नहार्टच्या प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट दाखवली. ई. कोलायमध्ये या जातीच्या औषधाने गाठी थांबतात, दोरे ओवणं मात्र चालूच राहतं, आणि गाठ न बसलेले दोरे लगेच कातरले जातात. जिवाणू नवा माल बनवतो आणि स्वतःच तो तोडतो, आणि या खटाटोपात कंगाल होतो.

सूक्ष्मदर्शकाखाली हे ओळखता येतं. औषध अगदी थोडं असेल तर ई. कोलायसारख्या कांड्या दुभागू न शकल्यामुळे शेवयांसारख्या लांबच लांब होतात. थोडं वाढवलं की मध्ये गाठोड्यासारखा फुगवटा येतो. त्याहून वाढवलं की रिकामी टरफलं राहतात. १९४० मध्येच ऑक्सफर्डच्या ए. डी. गार्डनरने मारक मात्रेपेक्षा कमी पेनिसिलीनमध्ये लांबलेले, फुगलेले जिवाणू पाहिले होते. भिंतीची रचनाच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती, त्यामुळे त्या फुगवट्यांचा पूर्ण अर्थ लागायला बराच काळ गेला.

आता आपल्याकडे वळू. पहिल्या महायुद्धात फ्लेमिंग फ्रान्समधल्या बूलोनच्या लष्करी इस्पितळात होता. जखमांवर कार्बोलिक ॲसिडसारखी जंतुनाशकं ओतली जायची आणि ती जंतूंच्या आधी सैनिकांच्या पांढऱ्या पेशी मारायची, हे त्याने तिथे पाहिलं होतं. त्यामुळे १९२९ च्या आपल्या निबंधात त्याने बुरशीचा रस पांढऱ्या पेशींवरही तपासला. साध्या द्रवाहून जास्त अपाय त्याला दिसला नाही. कार्बोलिक ॲसिड सरसकट सगळी प्रथिनं बिघडवतं, त्याला आपलं-परकं कळत नाही. पेनिसिलीनला तरी कुठे कळतं? त्याला पकडण्यासारखी वस्तूच आपल्या पेशींत नाही, एवढंच.

आपल्या पेशींना भिंत नसते. ती लागत नाही, कारण रक्ताची आणि पेशीभोवतीच्या द्रवाची क्षारता आपलं शरीर पेशीच्या आतल्या दाटपणाशी सतत जुळवून ठेवतं. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के मीठ लिहिलेलं असतं ते याच हिशेबाने. शिरेत शुद्ध पाणी सोडलं तर तांबड्या पेशी फुटतील, अगदी भिंत गमावलेल्या जिवाणूंसारख्या. जिवाणूने स्वतःभोवती चिलखत बांधलं, आणि आपल्या शरीराने चिलखताऐवजी भोवतालच सांभाळला.

पण आपल्याकडेही क्रियाशील टोकाने प्रथिनं पकडून तोडणारी विकरं आहेत. आतड्यातलं अन्न पचवणारं ट्रिप्सिन त्याच पद्धतीने काम करतं. मग पेनिसिलीन त्याला का चिकटत नाही? उत्तर डाव्या-उजव्यात आहे. अमिनो आम्लांचे रेणू हातमोज्यांसारखे डावे आणि उजवे असतात. सर्व सजीवांची प्रथिनं डाव्या जातीच्या आम्लांचीच बनतात, आणि आपल्या पाचक विकरांच्या खोबणी डाव्या मोज्याच्या मापाच्या आहेत. जिवाणूच्या शेपटाची ती शेवटची दोन ॲलानिनं मात्र उजवी असतात. पेनिसिलीन त्या उजव्या जोडीची नक्कल आहे. ट्रिप्सिनच्या खोबणीत ते नीट बसतच नाही. बुरशीचंही तेच. तिला भिंत असते, पण ती काइटिन आणि ग्लुकॅनची, खेकड्याच्या कवचाच्या नात्यातली. तिच्यात ही उजवी जोडी नाही, म्हणून आपणच बनवलेल्या रसात बुरशी सुखाने राहते. मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूंना भिंतच नसते, त्यामुळे त्यांच्यामुळे होणाऱ्या न्यूमोनियात पेनिसिलीन काही करत नाही. सर्दी-फ्लूचे विषाणू तर पेशीच नव्हेत.

'आपल्याला काहीच करत नाही' हे मात्र पूर्ण खरं नाही. ते ताणलेलं चौकोनी कडं रक्तातल्या आपल्या प्रथिनांनाही अधूनमधून चिकटतं. त्याने त्या प्रथिनाचं काम सहसा बिघडत नाही, पण त्याचा चेहरा बदलतो, आणि काही जणांच्या प्रतिकारशक्तीला तो परका वाटतो. ॲलर्जी होते ती इथून. जे रसायन जिवाणूला मारतं तेच इथेही घडतं, फक्त चुकीच्या जागी. इंजेक्शनच्या आधी हातावर टोचून बघायची पद्धत आहे ती याचसाठी. लहानपणी एकदा पुरळ आलं म्हणून जन्मभर "मला पेनिसिलीन चालत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना नीट तपासल्यावर ॲलर्जी निघत नाही, पण हे तपासायचं ते डॉक्टरांनीच, घरी नव्हे. आणि एक मजेची बाब: गिनीपिगला पेनिसिलीन दिलं तर तो मरतो. त्याच्या पेशींना काही होत नाही. त्याच्या आतड्यातले नेहमीचे जिवाणू मरतात आणि भलतेच माजतात. १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पहिली चाचणी गिनीपिगांऐवजी उंदरांवर केली, हे नशीबच म्हणायचं.

जिवाणूंनीही यातून वाट काढली आहे, आणि ती त्या दोन टप्प्यांतच दडलेली आहे. काही जिवाणूंकडे असं विकर असतं की ते पेनिसिलीनला पकडतं, पण त्याच्या खोबणीत पाणी शिरायला वाट ठेवलेली असते. पाणी येतं, अडकलेला तुकडा मोकळा होतो, विकर पुढच्या रेणूला तयार. असं एक विकर सेकंदाला शेकडो रेणू निकामी करू शकतं. एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी याचा शोध १९४० मध्येच जाहीर केला होता, म्हणजे पहिल्या रुग्णाला औषध मिळायच्याही आधी. एमआरएसए या बदनाम स्टॅफिलोकोकसने वेगळा मार्ग धरला. त्याने गाठी मारणारं एक जादा विकर मिळवलं, ज्याचं टोक इतकं आत दडलेलं असतं की पेनिसिलीनच्या जातीची औषधं त्याला लवकर गाठू शकत नाहीत. बाकीची विकरं अडकली तरी हे एकटं जाळं पुरं करतं.

"बांधकाम चालू असेल तरच" ही अट दवाखान्यात फार जपावी लागते. १९५१ मध्ये लेपर आणि डाउलिंग या डॉक्टरांनी न्यूमोकोकसमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या रुग्णांची तुलना केली. काहींना एकटं पेनिसिलीन, काहींना पेनिसिलीन आणि टेट्रासायक्लिनच्या कुळातलं ऑरिओमायसिन, दोन्ही. दोन औषधं एकापेक्षा बरी असं कुणालाही वाटेल. पण दोन्ही मिळालेल्या गटात मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. ऑरिओमायसिन जिवाणूंना मारत नाही, त्यांची वाढ थांबवतं. वाढ थांबली की भिंतीचं काम थांबलं, कात्रीही थांबली, आणि पेनिसिलीन शेजारी असून बेकार झालं. बशीतल्या पिवळ्या थरासारखं.

उपदंशाचा जिवाणू दुभागायला तीसेक तास घेतो. पेनिसिलीन तर लघवीवाटे इतकं झपाट्याने बाहेर पडतं की रक्तातलं त्याचं प्रमाण अर्ध्या तासात निम्मं होतं. १९४१ मध्ये ऑक्सफर्डमध्ये पहिल्या रुग्णाला, एका पोलिसाला, ते दिलं तेव्हा साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचत होते. तो सुधारला, साठा संपला, आणि तो गेला. असं घाईघाईने निसटणारं औषध इतक्या संथ जिवाणूला गाठणार कसं? म्हणून बेन्झाथीन नावाचं संयुग जोडून ते कमी विरघळणारं केलं गेलं. ते स्नायूत टोचलं की तिथेच पडून राहतं आणि आठवडे-आठवडे थेंबाथेंबाने रक्तात उतरतं. प्रमाण अगदी कमी, पण अखंड.

आपल्याकडे अनेक घरांत हे इंजेक्शन ओळखीचं आहे. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर सांधेज्वर होऊन हृदयाच्या झडपा खराब झालेली मुलं दर एकवीस दिवसांनी ते घेतात, वर्षानुवर्षं. खुब्यावर टोचतात, दुखतं, दोन दिवस लंगडायला होतं. माझ्या चुलत बहिणीच्या कॅलेंडरवर तारखेभोवती लाल गोल असायचा आणि ती त्या गोलाकडे पाहून आईवर चिडायची. "मला काही झालेलं नाही, मग सुई कशाला?" खरंच तेव्हा तिला काही झालेलं नसायचं. घशात स्ट्रेप्टोकोकस उतरलेलाच नसायचा. पण तो उतरला, की वाढायला लागणार, वाढायला लागला की जाळ्यात नवे दोरे घालणार, आणि पहिल्याच गाठीपाशी खुब्यात साठवलेलं ते थोडंसं औषध आधीच हजर असणार. बुरशी आधी, जिवाणू नंतर. एकविसाव्या दिवशी साठा संपत आलेला असतो, म्हणून बाविसाव्याची वाट पाहायची नसते.

या जातीचा स्ट्रेप्टोकोकस आजही पेनिसिलीनपुढे टिकत नाही. आणि १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारने पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला तो आधी याच एका औषधासाठी. तिथल्या टाक्यांतली बुरशी वाढत होती एकटीच, तिच्या रसात इतर जिवाणू शिरू नयेत याची काळजी घेत. बशीतला क्रम तिथे कुणाला चुकवता येणारच नव्हता.